प्रकरण तीन कुणाचं?

वाङ्मयचौर्याचं धोरण नव्याने लिहायला मिळालं म्हणून आनंदानं नाचणारी बाई अख्ख्या सोलापुरात मी एकटीच असेन. कुलगुरूंच्या कार्यालयातून पत्र आलं, 'विद्यार्थ्यांना समजेल अशा भाषेत धोरणाचा नवा मसुदा विद्या परिषदेपुढे ठेवावा', आणि मी ते पत्र घेऊन वाचनकक्षात दोन फेऱ्या मारल्या. शिपाई रत्नम्मा म्हणाली, "म्याडम, बढती मिळाली का काय?" मी म्हटलं, त्याहून भारी.

मी कीर्ती. भीमा-सीना विद्यापीठात सहायक ग्रंथपाल. विद्यार्थ्यांचे लघुप्रबंध आले की ते साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढायचे आणि अहवाल विभागाला पाठवायचा, हे काम माझ्याकडं. त्यामुळं जुनं धोरण मला तोंडपाठ होतं आणि ते वाचलं की दर वेळी माझं डोकं फिरायचं. 'सदर दुर्वर्तनात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष गुंतलेल्या व्यक्तीविरुद्ध नोंदणी रद्द करण्यापर्यंतची तथा अन्य योग्य ती कठोर कारवाई पूर्वसूचनेविना करण्यात येईल.' पूर्वसूचनेविना! देशभरासाठी अनुदान आयोगाचे नियम आहेत. त्यात स्पष्ट लिहिलंय की विद्यार्थ्याला आपली बाजू मांडायची पुरेशी संधी द्या, मगच शिक्षा. आमच्या धोरणानं ती संधी गिळून टाकली होती आणि वर ढेकरही दिला होता.

हे वाक्य लिहिणारे डॉ. महेश्वर सर माझ्याबरोबर समितीत होते. भूगोलाचे विभागप्रमुख, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं छापील. समितीत आम्ही दोघंच, म्हणजे भांडायला भरपूर मोकळी जागा.

"व्याख्या सोपी करा, माझी हरकत नाही," सर म्हणाले. "उदाहरणंही द्या. पण शिक्षेचं पान आहे तसं राहू द्या."

"का सर?"

"अहो, दहा ते चाळीस टक्के साम्य निघालं तर फक्त दुरुस्त करून पुन्हा सादर करायचं, हे पोरांना कळलं तर घाबरणार कोण?"

"पण नियमच तसा आहे! तो लपवायचा?"

"लपवायचा नाही. मोठ्यानं सांगायचा नाही."

मला असा राग आला की मी सरांच्या वाट्याचा चहा पिऊन टाकला. शिक्षेचं पान तसंच लटकत राहिलं आणि मी उदाहरणांकडं वळले. तिथं मात्र मला कुणी अडवणारं नव्हतं.

उदाहरणं लिहायला मला लई मजा आली. एखादा इंग्रजी लेख मराठीत आणला, मूळ लेखकाचं नाव दिलं नाही, आणि 'शब्द तर माझेच आहेत' असं म्हटलं: चालत नाही, विचार उसना आहे, नाव द्या. जनगणनेचा आकडा घेतला आणि खाली स्रोत लिहिला: चालतं. चॅटबॉटकडून परिच्छेद लिहून घेतला: आधी मार्गदर्शकाला विचारा, आणि वापरलात तर तसं प्रबंधात सांगा. मित्राबरोबर नोट्स वाटून अभ्यास केला: खुशाल करा. हे चौथं मी मुद्दाम घातलं. मी स्वतः वस्तीतल्या विहाराच्या अभ्यासिकेत शिकलेय. तिथं एकाच्या वहीवर सात जण पास व्हायचे आणि त्याचा आम्हाला अभिमान वाटायचा. वाटून घेणं आणि दुसऱ्याचं लिहिलेलं आपलं म्हणून देणं, यातला फरक असल्या पोरांना शिव्या देऊन कळत नाही, दाखवून कळतो.

उदाहरणं कागदावर झकास दिसतात, पण पोरं ती कशी वाचतात हे बघायला हवं होतं. म्हणून एका दुपारी पदव्युत्तर वर्गाच्या पोरांना वाचनकक्षात बोलावलं. भिंतीवर तीन मोठे कागद लावले: 'चालतं', 'चालत नाही', 'आधी विचारा'. एकेक उदाहरण मी वाचायची, आणि पोरांनी आपल्याला पटेल त्या कागदाखाली जाऊन उभं राहायचं. पंखे गरगरत होते, बाहेर ऊन पेटलं होतं, आणि पोरं इकडून तिकडं धावत होती, भांडत होती, एकमेकांना ओढत होती. भाषांतरावर दोन गट पडले. चॅटबॉटवर तर हाणामारीच व्हायची बाकी होती. मला वाटलं, धोरण म्हणजे हे! कपाटातल्या फायलीत कसलं आलंय धोरण.

मग मी पाचवं उदाहरण वाचलं. 'मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याच्या लघुप्रबंधातलं संशोधन पद्धतीचं प्रकरण तसंच घेतलं, गावाचं नाव तेवढं बदललं.' हे मी सोपं म्हणून घातलं होतं. दमलेल्या पोरांना जरा हायसं वाटावं म्हणून.

सगळा वर्ग 'चालतं' या कागदाखाली जाऊन उभा राहिला. एकजात सगळा.

"अरे, चेष्टा करताय काय माझी?"

"नाही म्याडम," धम्मदीप नावाचा हुशार मुलगा म्हणाला. "प्रकरण तीन म्हंजी फॉरमॅट की. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, प्रकरण तीन. ते डीटीपीवालाच टाकतो."

"कोण डीटीपीवाला?"

"कल्लप्पा. गेटासमोरचा. प्रकरण तीनचे तर तो पैसेबी घेत न्हाय."

माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगते, तो आनंदाचा होता. वर्षानुवर्षं मी अहवाल काढत होते. तिसऱ्या प्रकरणाची पानं नेहमी साम्याच्या खुणांनी लालभडक निघायची. मी समजायची, पोरं आळशी. आणि इथं पोरांना वाटत होतं की ते प्रकरण कुणी लिहायचंच नसतं! चोरी करतोय हे ज्याला ठाऊकच नाही, त्याला तुमचं 'दुर्वर्तन' काय कळणार?

"हे चालत नाही," मी म्हटलं. "तुम्ही माणसं कशी निवडली, प्रश्न कसे विचारले, हे तुमचं तुम्हीच सांगायचं. दुसऱ्यानं केलेलं काम तुमच्या नावावर कसं येईल?"

मागून एक बारीक आवाज आला. संस्कृती. माढा तालुक्यातल्या उजनीकाठच्या गावची, भूगोलाची विद्यार्थिनी. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरतं, तेव्हा शेतकरी मोटारी कशा हलवतात, यावर तिचा लघुप्रबंध होता. तो तिनं आदल्याच आठवड्यात सादर केला होता आणि त्याच सकाळी मी तिचा अहवाल विभागाला पाठवला होता. साम्य एकतीस टक्के.

"म्याडम, मग ज्यानं तसं करून सादरबी केलंय, त्याचं काय हुतं?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. पण समोरच्या मसुद्यात ते पान कोरं होतं, आणि समितीत न ठरलेलं मी परस्पर कसं सांगू? "शिक्षेचं पान अजून ठरायचंय," मी म्हटलं. "दोन दिवसांत सांगते."

दोन दिवस कोण थांबतंय? तिनं त्याच संध्याकाळी संकेतस्थळावरचं जुनं धोरण उघडलं. दुसऱ्या दिवशी वसतिगृहातली तिची खोली रिकामी होती. मैत्रिणीला तिनं एवढंच लिहिलं होतं, 'नाव कमी करून घेते. काढून टाकल्यावर घरी सांगण्यापेक्षा आपणच गेलेलं बरं.' तिच्या घरात पदवीच्या पुढं शिकणारी ती पहिली.

माझा राग आता पायांत उतरला. मी तडक कल्लप्पाकडं गेले.

"बर्री म्याडम, या, बसा," कल्लप्पानं स्टूल पुढं केलं. अक्कलकोटकडचा माणूस, तोंडात साखर. मी प्रकरण तीनचं विचारलं तर त्यानं मोठ्या कौतुकानं फाइल उघडून दाखवली. "हे बघा. गाव बदलायचं, वर्ष बदलायचं. पोरं वहीत लिहून आणतात प्रकरण एक, दोन, चार, पाच. तीन माझ्याकडं तयार असतंय. सर लोकच म्हणतात की, मागच्या वर्षीसारखं करा."

"आणि संस्कृतीच्या वेळी तू काय काय बदललंस?"

"गाव बदललं की." त्यानं पडद्यावर बोट ठेवलं, आणि मी वाचून हसावं की रडावं ते कळेना. उजनीच्या काठावर, जिथं ऊस, केळी आणि मासे यांखेरीज काही नाही, तिथं संस्कृतीनं म्हणे 'यंत्रमाग कामगारांना पाळी सुटण्याच्या वेळी कारखान्याच्या दारात गाठून' प्रश्नावली भरून घेतली होती! एवढं वाक्य मार्गदर्शकाच्या नजरेतून सुटलं होतं आणि कल्लप्पाच्याही.

त्या पानांची प्रत घेऊन मी महेश्वर सरांच्या खोलीत शिरले. दार वाजवायचं राहिलंच. प्रत त्यांच्यापुढं ठेवली आणि म्हटलं, "वाचा."

सर वाचू लागले आणि त्यांचा चेहरा खुलत गेला. "वा! वाक्यं बघा कशी आहेत. 'प्रस्तुत संशोधकाने उद्दिष्टानुरूप नमुना निवडताना सोयीपेक्षा प्रातिनिधिकत्वास अग्रक्रम दिला आहे.' आजकाल असं कोण लिहितं? हे कुणाचं आहे हो?"

"तुम्हीच सांगा."

ते पुढं वाचत गेले. यंत्रमाग कामगार आले, कारखान्याचं दार आलं. सरांचा हात कागदावरच थांबला. चष्मा काढून त्यांनी तो पुसला, परत घातला.

"हे माझं आहे," ते म्हणाले. "विभाग सुरू झाला तेव्हा पोरांना नमुना म्हणून लिहून दिलं होतं. माझं स्वतःचं संशोधन यंत्रमाग कामगारांवर होतं ना. मी म्हटलं होतं, याप्रमाणे करा."

"त्यांनी याप्रमाणेच केलंय सर. दर वर्षी."

मला वाटलं होतं, सरांना असं कोंडीत पकडल्यावर मला विजयाचा आनंद होईल. झाला नाही. ते इतके लहान होऊन बसले होते की मीच त्यांना पाणी दिलं. मग संस्कृती निघून गेल्याचं सांगितलं. जुन्या धोरणातलं कुठलं वाक्य वाचून गेली तेही सांगितलं.

सरांनी पाण्याचा पेला तसाच ठेवला. "शिक्षेचं पान काढा," ते म्हणाले. "आत्ता लिहू."

आणि आम्ही लिहिलं! काय लिहिलं म्हणता! दोघं एकाच कागदावर वाकून, एकमेकांची वाक्यं खोडत. सर तांत्रिक बाजू पक्की ठेवत होते, मी जड शब्द दिसला की झडप घालत होते. 'सॉफ्टवेअरचा आकडा हा निकाल नव्हे. अवतरणं, संदर्भसूची वगळून साम्य मोजतात आणि समिती प्रबंध स्वतः वाचते.' 'आधी विभागाची समिती तुमचं ऐकते. मग विद्यापीठाची समिती ठरवते. तुमचं ऐकून घेतल्याशिवाय शिक्षा होत नाही.' 'दहा टक्क्यांपर्यंत किरकोळ साम्य: शिक्षा नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत: दुरुस्त करून, दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत पुन्हा सादर करा. चाळीसच्या वर साठपर्यंत: एक वर्ष दुरुस्त प्रबंध सादर करता येत नाही. साठच्या वर: नोंदणी रद्द. पुन्हा तीच चूक केली तर एक पायरी वरची शिक्षा.' काहीही गोड केलं नव्हतं. साठच्या वर काय होतं तेही तितक्याच साध्या शब्दांत होतं. पण आता कुणालाही आपण कुठं उभं आहोत ते दिसलं असतं.

संस्कृतीचा फोन बंदच होता. सर म्हणाले, "चला, गाडी काढतो. आधी हे पान ज्याला लागू आहे त्याला कळतंय का बघू."

सोलापूर सुटलं, मोहोळ गेलं, आणि उसाचे ट्रॅक्टर चुकवत आम्ही धरणाच्या फुगवट्यावर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. पाणी लांब मागं गेलेलं. भेगाळलेल्या गाळातून काळे पाइप पाण्यापर्यंत पसरलेले. संस्कृतीचे वडील हिंदुराव गुडघ्याएवढ्या चिखलात उभे राहून मोटार पुढं सरकवत होते आणि दुसऱ्या टोकाला पाइप धरून संस्कृती. आम्हाला बघून तिनं पाइप सोडला आणि सगळा चिखल बापाच्या अंगावर उडाला.

"पोलिसात द्यायला आलाय व्हय?" हिंदुराव तोंड पुसत म्हणाले. चेष्टा नव्हती ती. पोरीनं घरी काय सांगितलं असेल ते त्यावरून माझ्या लक्षात आलं.

"नाही हो!" मी जवळजवळ ओरडलेच. "एक कागद वाचायला आलोय."

बांधावर बसून सरांनी पान वाचलं. स्वच्छ, सावकाश. सॉफ्टवेअरचा आकडा, समित्या, टक्के. संस्कृती खाली मान घालून ऐकत होती. हिंदुरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते समदं ठीक हाय. पर पोरीचं नाव ऱ्हायलं का गेलं, ते कुटं लिवलंय?"

सर कागद न्याहाळू लागले. मीही वाकले. लिहिलं होतं की! आठव्या ओळीत, टक्क्यांच्या पोटात. 'पुन्हा सादर करा' म्हणजे नाव राहिलं, हे आम्हा दोघांना इतकं उघड वाटलं होतं की ते सांगायचंच राहून गेलं. आणि घाबरलेलं माणूस दुसरं काही विचारतच नाही.

सरांनी खिशातून पेन काढलं. कागद गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरांत लिहिलं: 'पहिल्यांदा चूक झाली आणि साम्य साठ टक्क्यांच्या आत असेल, तर नोंदणी रद्द होत नाही. पुन्हा लिहायला मिळतं.'

हिंदुरावांना वाचून दाखवलं. त्यांनी पोरीकडं बघितलं. "परत लिवायला मिळतंय म्हणं."

संस्कृती रडायलाच लागली. मग रडता रडता म्हणाली, "सर, पर समितीपुढं मी काय सांगू?"

"जे झालं ते," सर म्हणाले. "समिती काय ठरवील ते मी आज सांगू शकत नाही. तुझ्या वेळी मी त्या समितीत बसणारही नाही, कारण ते प्रकरण मूळचं माझं आहे. मी तुझ्या बाजूच्या खुर्चीवर बसेन. मलाही काही सांगायचंय."

बसलेही. विभागाच्या समितीपुढं संस्कृतीनं वहीतली मूळ टिपणं ठेवली, प्रकरण तीन कुठून आलं ते न लपवता सांगितलं. सरांनी आपला नमुना स्वतःच्या हातानं पुढं केला. समितीनं वाचलं, विद्यापीठाच्या समितीकडं अहवाल गेला, आणि निर्णय आला तो आयोगाच्या नियमाप्रमाणे, आमच्या कागदावर होता तसाच: दुरुस्त करून, मुदतीत पुन्हा सादर करा. सरांनी विभागात फलक लावला, 'मागच्या वर्षीसारखं' हे शब्द वापरू नयेत. कल्लप्पानं फाइल माझ्यासमोर पुसली आणि आता प्रकरण तीनच्या जागी त्याच्याकडं चारच प्रश्न असतात: कुणाला भेटलात, का त्यांनाच, कसं विचारलंत, काय चुकलं. उत्तरं आणल्याशिवाय टायपिंग नाही.

विद्या परिषदेत मसुदा आला तेव्हा एका ज्येष्ठ सदस्यांनी भुवया चढवल्या. "इतकं सोपं? मग पोरं घाबरणार कशी?"

माझं तोंड उघडलं होतं, पण सर आधी उठले. "आमची एक विद्यार्थिनी घाबरली होती, महोदय. घाबरून तिनं प्रकरण सुधारलं नाही. शिक्षण सोडलं."

धोरण मंजूर झालं. पाचवं उदाहरण आता सगळ्यात वर आहे. मी घरी येताना पेढे घेतले आणि अर्धे रस्त्यातच संपवले.

मुदत संपायच्या आधी संस्कृती नवं प्रकरण घेऊन ग्रंथालयात आली. मी तपासणी लावली. नेमके सर तिथं पुस्तक परत करायला आलेले. टेबलावरची पानं त्यांनी सवयीनं उचलली आणि उभ्या उभ्या वाचू लागले, मग मोठ्यानं.

"'मार्चपासून पाणी मागं सरकलं तशी माणसं मोटारी घेऊन पाण्यामागं गेली. दिवसा घरात कुणी सापडेना. म्हणून मी प्रश्न घेऊन गाळात गेले. सुरुवातीला भेटलेली माणसं माझ्या भावकीतली होती. ती माझ्याशी मोकळं बोलली, म्हणूनच त्यांची उत्तरं जपून वाचावीत.'"

सर थांबले. नाव असलेलं पहिलं पान मी तपासणीसाठी काढून घेतलं होतं, त्यामुळं त्यांच्या हातातल्या पानांवर कुणाचंच नाव नव्हतं. चष्म्यावरून माझ्याकडं बघत त्यांनी विचारलं, "हे कुणाचं आहे हो?"

मी संस्कृतीकडं बघितलं.

"माजं हाय, सर," ती म्हणाली.